वेटेजची बेरीज शंभर नसेल तर: गुणगणना मॉड्यूलच्या नोंदी

३ जून

काम असे आहे: शिक्षक घटकवार वेटेज भरतील, विद्यार्थ्यांचे गुण येतील आणि मॉड्यूल एकूण टक्के काढून देईल. हिशेब भारित सरासरीचा. प्रत्येक घटकाचे टक्के त्याच्या वेटेजने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिला वेटेजच्या बेरजेने भागायचे. वेटेजची बेरीज शंभर असते तेव्हा शेवटची पायरी शंभराने भागण्याची, म्हणून अनेक शीटांमध्ये १०० हा आकडा सूत्रातच लिहून ठेवलेला असतो. बेरीज शंभर नसली की तेच सूत्र चुकीचे उत्तर देते आणि शीट मात्र कुठेही लाल होत नाही.

सगळ्या चाचण्यांसाठी एकच नमुना ठरवला, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील. घटक पाच: गृहपाठ २०, प्रयोगवही १५, लघुचाचण्या १५, मध्यावधी परीक्षा २५, अंतिम परीक्षा ३५. बेरीज ११० होते, मुद्दामच. नमुना विद्यार्थ्याचे टक्के याच क्रमाने ९०, ८०, ७०, ६० आणि ६१. श्रेणीची एक सीमा ७० वर आहे.

गुणाकारांची बेरीज करू: १८ + १२ + १०.५ + १५ + २१.३५ = ७६.८५. शंभराने भागून मोकळे झालो तर विद्यार्थ्याला ७६.८५ टक्के. ११० ने भागले तर ६९.८६. पहिल्यात तो सीमेच्या बराच वर आहे, दुसऱ्यात किंचित खाली.

आता तिसरी शक्यता. अंतिम परीक्षेचे वेटेज मुळात २५ होते आणि टंकताना ३५ पडले असेल तर बेरीज बरोबर शंभर होते आणि उत्तर ७०.७५ येते. म्हणजे विद्यार्थी सीमेच्या वर. वेटेज नॉर्मलाइज करणे, म्हणजे प्रत्येक वेटेजला एकूण बेरजेने भागून त्यांची बेरीज १ करून घेणे, हे गणित म्हणून निर्दोष आहे. तरीही इथे त्याने चुकीची श्रेणी दिली असती. पुढचे सगळे काम या फरकाभोवतीच आहे.

५ जून

भागाकार कधी करायचा हे बेरजेच्या आकड्यावरून ठरत नाही, ती बेरीज तशी का झाली यावरून ठरते. ११० हा आकडा निदान तीन वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. शिक्षकाने वेटेज टक्केवारी म्हणून दिलेलेच नसेल, फक्त आपसातले प्रमाण सांगितले असेल. तेव्हा ११० ने भागणे बरोबर. कुठेतरी टंकनदोष असेल. तेव्हा भागायचे नाही, आकडा दुरुस्त करायचा. किंवा वरचे दहा हे बोनसचे असतील. तेव्हा छेद १०० च राहतो.

प्रमाण म्हणून दिलेले वेटेज ओळखायला सोपे असते. गृहपाठ १, प्रकल्प २, परीक्षा ३ असे कोणी लिहिले तर बेरीज ६ होते आणि ती शंभर असावी असे कोणाच्याही मनात नसते. गोंधळ होतो तो शंभराच्या आसपासच्या बेरजांमध्ये: ९५, ९८, १०५, ११०. बेरीज शंभराच्या जितकी जवळ तितका टंकनदोषाचा संशय जास्त धरावा.

कमी बेरजेचाही हिशेब केला. मूळ शंभरच्या रचनेत गृहपाठाच्या २० ऐवजी २ पडले तर बेरीज ८२ होते. शंभराने भागल्यास विद्यार्थ्याला ५४.५५. हा आकडा इतका कमी आहे की कोणीतरी तक्रार करेल आणि चूक सापडेल. आपोआप नॉर्मलाइज केल्यास ५४.५५ भागिले ०.८२, म्हणजे ६६.५२. हा आकडा अगदी पटण्यासारखा दिसतो. गृहपाठाचे खरे वेटेज २० वरून २.४४ टक्क्यांवर आले आहे हे मात्र कोणाच्या लक्षात येणार नाही. गुपचूप केलेले नॉर्मलायझेशन चूक सुधारत नाही, तिला झाकते.

निर्णय: बेरीज शंभर नसेल तर मॉड्यूल स्वतःहून काहीही करणार नाही. भरलेले वेटेज आणि नॉर्मलाइज केल्यावर प्रत्यक्ष लागू होणारे वेटेज असे दोन स्तंभ शेजारी शेजारी दाखवेल आणि शिक्षकाकडून तीनपैकी एक पर्याय निवडून घेईल: आकडे प्रमाण म्हणून धरायचे, आकडे दुरुस्त करायचे, किंवा अमुक घटक बोनस आहे. हे झाल्याशिवाय निकाल निघणार नाही. पहिल्या मसुद्यात इशारा दाखवून हिशेब पुढे नेण्याची सोय होती, ती काढली. पिवळी पट्टी वाचून पुढे जाणारे फार थोडे, आणि इथे अडतो तो विद्यार्थी.

६ जून

कालच्या नोंदीला पुरवणी. जुन्या शीटमध्ये हा दोष आहे का, हे सूत्र न उघडताही कळू शकते. नेहमी शंभराने भागलेले असेल आणि बेरीज ८२ असेल तर वर्गातला कोणीही ८२ च्या वर जात नाही, अगदी सगळीकडे पैकीच्या पैकी मिळवणाराही. बेरीज ११० असेल तर काही जण शंभराच्या वर दिसतात. मात्र सूत्रात `MIN(100, ...)` अशी कमाल मर्यादा घातलेली असली तर हा पुरावाही जातो. तेव्हा खरे ९०.९१ टक्के किंवा त्याहून जास्त असलेले सगळे विद्यार्थी नेमक्या १०० वर येऊन थांबतात. नेमक्या शंभरावर गर्दी दिसली तर आधी वेटेजची बेरीज बघावी.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवायची. सगळ्यांना एकाच छेदाने भागले जात असेल तर १०० घेतले काय किंवा ११० घेतले काय, विद्यार्थ्यांचा आपसातला क्रम बदलत नाही. म्हणून फक्त गुणवत्ता यादी बघणाऱ्याला दोष दिसत नाही. श्रेणीच्या सीमा मात्र ० ते १०० या पट्टीवर ठरलेल्या असतात, आणि नुकसान होते ते तिथे.

९ जून

आयातीच्या पायरीवरच्या दोन अटी.

पहिली, वेटेज लावण्याआधी प्रत्येक घटक टक्क्यांत आणायचा. मध्यावधी ५० गुणांची आहे आणि विद्यार्थ्याला ३० मिळाले, तर हिशेबात ६० जायला हवेत. कच्चे ३० गेले तर २५ वेटेजच्या घटकातून १५ ऐवजी ७.५ येतात. वेटेजची बेरीज शंभर असूनही एकूण कमी येते आणि लोक वेटेजमध्ये चूक शोधत बसतात. म्हणून प्रत्येक घटकासोबत कमाल गुण हा रकाना सक्तीचा केला.

दुसरी अट एककांची. शीटमध्ये काही कप्प्यांना टक्के हे स्वरूप दिलेले असते, काहींना नसते. दिसायला २०% आणि २० सारखेच, पण पहिल्या कप्प्यातली साठवलेली किंमत ०.२ असते. अशी फाईल आली की बेरीज ८०.२ किंवा ९०.२ अशी विचित्र येते. एकाच यादीत १ पेक्षा लहान आणि १० पेक्षा मोठी वेटेज एकत्र दिसली तर मॉड्यूल थांबून विचारते. स्वतःहून शंभराने गुणत नाही, कारण अर्ध्या टक्क्याचा घटक क्वचित का होईना, खराही असू शकतो.

११ जून

इथून पुढे दुरुस्त वेटेज धरली आहेत: २०, १५, १५, २५, २५.

शिक्षकाच्या आराखड्यात बेरीज शंभर असली तरी एखाद्या विद्यार्थ्यासाठी ती शंभर असतेच असे नाही. सत्राच्या मध्यावर गृहपाठ, प्रयोगवही आणि लघुचाचण्या एवढेच झालेले असतात. झालेले वेटेज ५०. त्यातून मिळाले १८ + १२ + १०.५ = ४०.५. पडद्यावर नुसते ‘४०.५%’ दाखवले तर विद्यार्थ्याला आपण नापास होतोय असे वाटेल, कारण अजून न झालेल्या परीक्षांचे शून्य त्यात धरले गेले. ५० ने भागले की ८१ येते, ती आतापर्यंतची सरासरी.

दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत, फक्त त्यांना वेगळी नावे हवीत. ‘आतापर्यंत जमा: १०० पैकी ४०.५’ आणि ‘झालेल्या कामाची सरासरी: ८१%’ असे लिहायचे ठरले. जमा आकड्यातून पुढचा हिशेब करता येतो: ७० गाठायला उरलेल्या ५० पैकी २९.५ लागतील, म्हणजे दोन्ही परीक्षांमध्ये मिळून सरासरी ५९ टक्के. सरासरीच्या ८१ वरून हे थेट काढता येत नाही. उलट ८१ वरून तो किती बरे काम करतोय ते कळते, ४०.५ वरून कळत नाही.

यासाठी रिकामा कप्पा आणि शून्य यांत भेद पाळावा लागतो. रिकामा म्हणजे अजून मोजायचे नाही, तो छेदात धरायचा नाही. शून्य म्हणजे मोजले आणि काही मिळाले नाही, तो छेदात धरायचा. शीट वापरणाऱ्यांसाठी सूत्र असे (दुसऱ्या ओळीत वेटेज, तिसऱ्या ओळीत पहिल्या विद्यार्थ्याचे टक्के):

```
=SUMPRODUCT(B3:F3,$B$2:$F$2)/SUMPRODUCT(ISNUMBER(B3:F3)*$B$2:$F$2)
```

छेदात नुसते `SUM($B$2:$F$2)` लिहिले तर रिकाम्या कप्प्यांचे वेटेजही मोजले जाते आणि परत ४०.५ येते. `SUMIF` मध्ये `"<>"` ही अट घालणारे सूत्रही पुष्कळ ठिकाणी दिसते. पण त्यात ‘गै.ह.’ असा मजकूर लिहिलेला कप्पा भरलेला समजला जातो. त्याचे वेटेज छेदात येते, अंशात मात्र शून्य जाते. गैरहजराला शून्य द्यायचे असेल तर ते ० असेच लिहावे; मजकुराच्या आडून मिळालेले शून्य कोणी ठरवून दिलेले नसते.

सगळे कप्पे रिकामे असतील तर छेद शून्य होतो आणि भागाकाराचा दोष येतो. तिथे ० दाखवायचे नाही, ‘अजून मूल्यमापन नाही’ असे दाखवायचे.

१६ जून

सूट मिळालेला विद्यार्थी. आजारपणामुळे मध्यावधी माफ झाली, उरलेले वेटेज ७५. मॉड्यूलमध्ये इथे आपोआप ७५ ने भागले जात होते: (१८ + १२ + १०.५ + १५.२५) = ५५.७५, भागिले ०.७५, म्हणजे ७४.३३.

हा आकडा बरोबर आहे का? तो एका विशिष्ट धोरणाचा परिणाम आहे. नॉर्मलाइज केल्याने मध्यावधीचे २५ सगळ्या घटकांत त्यांच्या प्रमाणात वाटले गेले. गृहपाठ २० चा २६.६७ झाला, प्रयोगवही आणि लघुचाचण्या प्रत्येकी २०, अंतिम ३३.३३. ज्याचा गृहपाठ चांगला आणि परीक्षा कच्ची, त्याला यात फायदा होतो. नमुन्यातला विद्यार्थी नेमका तसाच आहे.

आता तीच वेटेज गटांत मांडून बघू. ‘वर्षभराचे काम’ ५०, ‘परीक्षा’ ५०. परीक्षांच्या गटात मध्यावधी आणि अंतिम निम्मे-निम्मे. सगळे झालेले असेल तर या मांडणीचे उत्तर सपाट यादीसारखेच, ७०.७५. पण मध्यावधी माफ झाली की नॉर्मलायझेशन गटाच्या आत होते. परीक्षांच्या गटात एकटी अंतिम उरते, ती पूर्ण ५० घेते. उत्तर ४०.५ + ३०.५ = ७१.

एकच विद्यार्थी, तेच गुण, तीच सूट. सपाट यादीत ७४.३३, गटवार मांडणीत ७१. वेटेज कागदावर सारखीच दिसतात आणि कोणत्या पातळीवर नॉर्मलाइज करायचे एवढ्यानेच ३.३३ टक्क्यांचा फरक पडला. यातले एक उत्तर खरे आणि दुसरे खोटे असे म्हणता येणार नाही. परीक्षेची जागा परीक्षेनेच भरून काढावी असे ज्याला वाटते त्याने गट करावेत. उरलेल्या सगळ्याच कामावरून ठरवावे असे वाटते त्याने सपाट यादी ठेवावी. पण हे सत्र सुरू होण्याआधी लिहून ठेवायला हवे. सूट मागणारा समोर आल्यावर ठरवले तर प्रत्येकासाठी वेगळे ठरेल.

मॉड्यूलमध्ये केलेला बदल: सूट ही रिकाम्या कप्प्यापेक्षा वेगळी खूण. सूट नोंदवताना ‘हे वेटेज कुठे जाईल’ याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या नियमातून घेतले जाते: सगळ्यांत प्रमाणात, गटाच्या आत, किंवा नेमून दिलेल्या एका घटकावर. विद्यार्थ्याच्या निकालपत्रावर त्याला लागू झालेले वेटेज छापले जाते. प्रत्येकाचा छेद वेगळा असू शकतो, म्हणून इथे ६ जूनला लिहिलेली क्रम न बदलण्याची खात्री राहत नाही.

गटवार मांडणीत एक खाचखळगा आहे. एखाद्या गटात या सत्रात काहीच घेतले गेले नाही, उदाहरणार्थ लघुचाचण्यांचा गट पूर्ण रिकामा, तर त्या गटाची सरासरी निघत नाही. तिला शून्य समजले तर वर्गातला प्रत्येक जण १५ गमावतो. वगळले तर सगळ्यांची बेरीज ८५ होते आणि वरच्या पातळीवर पुन्हा भागावे लागते. म्हणून नॉर्मलायझेशन आतून बाहेर असे चालते: आधी प्रत्येक गट, मग रिकामे गट वगळून गटांची वेटेज. सत्र संपल्यावरही एखादा गट सगळ्यांसाठी रिकामा असेल तर शिक्षकाला तसे कळवले जाते, कारण जाहीर केलेला आराखडा प्रत्यक्षात बदललेला असतो.

१८ जून

बोनस. बेरीज मुद्दाम शंभराच्या वर नेली जाते असे हे एकच ठिकाण, आणि नॉर्मलाइज केल्याने सर्वात जास्त नुकसान होते तेही इथेच.

नमुन्यात ५ वेटेजचा ऐच्छिक प्रकल्प जोडला, बेरीज १०५. प्रकल्पात ८० टक्के मिळाले तर हेतू असा की ७०.७५ मध्ये ४ मिळवावेत, एकूण ७४.७५. सगळे १०५ ने भागले तर ७१.१९ येते. बोनसचे चार टक्के होते, हातात पडला अर्धाही नाही.

ज्याने प्रकल्प केलाच नाही त्याचे काय होते ते बघा. त्याच्या कप्प्यात ० असेल तर ७०.७५ भागिले १.०५, म्हणजे ६७.३८. ऐच्छिक काम न केल्याबद्दल जवळपास साडेतीन टक्के कापले गेले आणि तो ७० च्या खाली गेला. बोनस हा शब्द तसाच राहिला, पण घटक सक्तीचा झाला.

कप्पा रिकामा ठेवला आणि झालेल्यांनाच भागले तरी सुटका नाही. न करणाऱ्याचे ७०.७५ शाबूत राहतात खरे. पण करणाऱ्याला प्रकल्पात ६० मिळाले तर (७०.७५ + ३) भागिले १.०५ = ७०.२४. त्याने जास्तीचे काम केले आणि त्याचे टक्के घटले. कारण सरळ आहे: छेदात धरलेला कोणताही घटक सरासरीला स्वतःकडे ओढतो. विद्यार्थ्याच्या सरासरीपेक्षा तो कमी असेल तर ती खाली येते. बोनसला हे करता येऊ नये, म्हणून बोनस छेदात नसावा.

नियम: आधी मूळ घटकांची बेरीज नॉर्मलाइज करायची, उत्तर काढायचे आणि बोनस नंतर मिळवायचा. बोनसचे वेटेज कधीही छेदात येत नाही.

क्रमालाही महत्त्व आहे. मध्यावधी माफ झालेल्या विद्यार्थ्याने बोनस प्रकल्पात ८० मिळवले तर आधी ७४.३३ काढून त्यात ४ मिळवले की ७८.३३ होतात. बोनस अंशात आधी घालून मग ७५ ने भागले तर ५९.७५ भागिले ०.७५, म्हणजे ७९.६७. पाचाचा बोनस सूट मिळाल्यामुळे ६.६७ चा झाला. सूट मिळालेल्याचा बोनस इतरांपेक्षा मोठा असण्याचे कारण नाही, म्हणून पहिला क्रम पक्का केला.

बोनसमुळे एकूण शंभराच्या वर गेले तर काय, हे शिक्षकाने ठरवायचे. मर्यादा लावायची असेल तर ती अगदी शेवटी लागते, आणि मर्यादेआधीचा आकडाही नोंदीत ठेवला जातो. तो नसेल तर ६ जूनच्या नोंदीतला दोष पुन्हा झाकला जाईल.

मूडल या ऑनलाइन शिक्षण-व्यवस्थेत गुणांची भारित सरासरी ही पद्धत निवडली तर वेटेजच्या बेरजेनेच भागले जाते, तिथे बेरीज शंभर असण्याची गरज नाही. पण तशा व्यवस्थेतून आयात करताना बेरीज १०५ दिसली तर तिचा अर्थ बोनस असेलच असे नाही. आयातीत ‘मूळ पद्धत कोणती होती’ हा प्रश्न जोडला.

२४ जून

दाखवण्यासाठीची पूर्णांकता. सुरुवातीचे ११० चे वेटेज प्रमाण म्हणून धरले आणि नॉर्मलाइज केले तर १८.१८, १३.६४, १३.६४, २२.७३, ३१.८२ येतात. दोन दशांशांवर त्यांची बेरीज १००.०१. पूर्णांकांत आणले तर १८, १४, १४, २३, ३२, बेरीज १०१. म्हणजे बेरीज शंभर करायला निघालो आणि छापील पत्रकावर पुन्हा शंभर नाही.

हिशेबात पूर्ण अपूर्णांकच वापरायचे, वेटेज पूर्णांकित करून पुढे गुणायचे नाही. अन्यथा १८.१८ वगैरे धरून सगळीकडे शंभर मिळवणाऱ्याचे १००.०१ होतात. छापण्यापुरती बेरीज जुळवायला सर्वात मोठ्या शिल्लकेची रीत घेतली. हीच रीत अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांत वाटण्यासाठी सुचवली होती. आधी सगळ्यांचे अपूर्णांक तोडायचे: १८, १३, १३, २२, ३१, बेरीज ९७. उरलेले ३ ज्यांचा तोडलेला भाग मोठा त्यांना एकेक द्यायचे. अंतिमचा .८२, मध्यावधीचा .७३, त्यांना मिळाले. तिसऱ्यासाठी प्रयोगवही आणि लघुचाचण्या दोघांची शिल्लक सारखीच, .६४.

सारखे वेटेज असलेल्या दोन घटकांपैकी एकाला १४ आणि दुसऱ्याला १३ छापणे बरे दिसत नाही. विद्यार्थी विचारणारच. म्हणून असा पेच आला तर मॉड्यूल पूर्णांक सोडून एक दशांश दाखवते: १८.२, १३.६, १३.६, २२.७, ३१.८. त्यांची बेरीज ९९.९ होते, आणि खाली ‘दाखवलेले आकडे पूर्णांकित आहेत, हिशेब मूळ आकड्यांवर’ अशी ओळ येते. एका दशांशाचा कमी-जास्तपणा आम्ही तसाच राहू दिला. बेरीज जुळवण्यासाठी समान घटकांना असमान दाखवणे त्याहून वाईट.

२६ जून

बेरीज शंभर आहे की नाही हे तपासताना दशांश अपूर्णांकांची बरोबरी थेट तपासू नये. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ किंवा ०.७ नेमके साठवता येत नाहीत; पायथनमध्ये `0.1 + 0.7` चे उत्तर `0.7999999999999999` येते. वेटेज अपूर्णांकात भरणाऱ्या शिक्षकाला सगळे बरोबर असूनही ‘बेरीज १ नाही’ असा संदेश मिळतो. थोडी सहनशीलता ठेवून भागते, पण मग ३३.३३ तीनदा लिहून झालेले ९९.९९ त्यात बसवायचे की नाही हा प्रश्न येतो. आम्ही आकडे मजकूर म्हणून वाचून थेट `Fraction` मध्ये ठेवले. त्यामुळे बेरीज नेमकी कळते, आणि ९९.९९ आले तर ‘तीन समान भाग अपेक्षित आहेत का?’ असे विचारून प्रमाण १:१:१ करून टाकता येते.

गाभ्याचा कोड एवढाच:

```python
from fractions import Fraction as F

def total(items, bonus=()):
    done = [(F(w), F(p)) for w, p in items if p is not None]
    den = sum(w for w, _ in done)
    if den == 0:
        return None
    base = sum(w * p for w, p in done) / den
    extra = sum(F(w) * F(p) / 100 for w, p in bonus if p is not None)
    return base + extra
```

`w` आणि `p` मजकूर म्हणूनच द्यायचे, `"12.5"` असे. तरंगत्या बिंदूचा आकडा दिला तर `Fraction` त्याची साठवलेली किंमत इमानेइतबारे उचलते आणि `0.1` चा मोठा विचित्र अपूर्णांक होतो. ऋण वेटेज या फंक्शनपर्यंत पोहोचू द्यायचे नाही. एक ऋण आकडा छेद शून्याजवळ नेऊ शकतो. बोनसचे वेटेज मूळ घटक शंभरपैकी आहेत असे धरून द्यायचे. शिक्षकाने सगळी यादी १, २, ३ अशा प्रमाणात दिली असेल तर बोनस किती टक्क्यांचा, हे त्याला वेगळे विचारावे लागते.

१ जुलै

स्वीकृतीच्या चाचण्या लावल्या. सर्वात कामाची ठरली ती स्थिर गुणांची चाचणी: बोनस वगळून एखाद्या विद्यार्थ्याला प्रत्येक घटकात ५० टक्के द्या, एकूण नेमके ५० यायला हवे. वेटेज काहीही असोत, कितीही घटक माफ असोत, गट कसेही असोत. ११० च्या यादीला शंभराने भागणारे सूत्र इथे ५५ देते आणि ८२ च्या यादीला ४१. हीच चाचणी कोणत्याही शीटमध्ये एक खोटी ओळ घालून करता येते. शंभरापेक्षा ५० बरे, कारण कमाल मर्यादा लावलेली असेल तर शंभराची ओळ तिच्यामागे लपते.

या चाचणीला छेदातला दोष सापडतो. २० च्या जागी पडलेला २ मात्र तिला सापडत नाही, कारण ८२ ने नीट भागले की उत्तर ५० च येते. त्यासाठी दुसरी चाचणी: एकाच घटकात १०० आणि बाकी सगळीकडे ०. येणारे एकूण म्हणजे त्या घटकाचे प्रत्यक्ष लागू झालेले वेटेज. प्रत्येक घटकासाठी अशी एक ओळ चालवून येणारे आकडे जाहीर केलेल्या आराखड्याशेजारी ठेवायचे. गृहपाठासमोर २० ऐवजी २.४४ दिसले की वेगळे काही सांगावे लागत नाही.

बोनससाठी तिसरी: कोणत्याही विद्यार्थ्याचा बोनस रिकामा, ०, ६० आणि १०० असा बदलत नेला तर एकूण कधीही कमी होता कामा नये, आणि रिकामा व ० यांचे उत्तर सारखे हवे. नमुना विद्यार्थ्यासाठी उत्तरे ७०.७५, ७०.७५, ७३.७५ आणि ७५.७५ आली.

बाकी राहिलेले एकच काम: सत्राच्या मध्येच शिक्षकाने वेटेज बदलले तर आधी दाखवलेल्या सरासऱ्यांचे काय करायचे. सध्या बदलाची तारीख आणि जुनी-नवी वेटेज नोंदली जातात, आणि ज्यांची श्रेणी सीमा ओलांडते अशा विद्यार्थ्यांची यादी शिक्षकाला मंजुरीआधी दाखवली जाते. ती यादी छापील स्वरूपात देण्याची मागणी आली आहे, पुढच्या आवृत्तीत घेऊ.